मृगाच्या आधी नदीबाहेर

शिक्षणसंस्थेने मुलींचं वसतिगृह बांधायचं ठरवलं की आर्किटेक्ट मिळतो, ठेकेदार तर बोलावण्याआधीच दारात उभे असतात. अडतं ते एकाच माणसाशी. ठेकेदाराचा नाही, आर्किटेक्टचा नाही, संस्थेच्या पगारावरचा असा एक सिव्हिल इंजिनिअर हवा असतो. त्याने रोज साईटवर उभं राहायचं, सळई मोजायची, बिल तपासायचं आणि चुकीच्या कामाला नाही म्हणायचं. त्याची निवड करायला बसतात ती माणसं मात्र बांधकामातली नसतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका संस्थेत अशा मुलाखतीला मला बोलावलं होतं. अध्यक्ष पेशाने डॉक्टर, खजिनदार चार्टर्ड अकाउंटंट आणि सचिव निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळा गाव 'बाई' म्हणतो. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला. उमेदवारांची कागदपत्रं पाहून द्यायची एवढंच माझं काम. मुलाखतीत तोंड उघडायचं नाही, हे बाईंनी आधीच बजावलं होतं. "तुम्ही बोललात की तो तुमच्याशीच बोलत बसेल, आम्हाला काही कळायचं नाही."

त्या दिवशीच्या उमेदवारांपैकी एकाची मुलाखत इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. आधी डिप्लोमा, मग डिग्री, आठ-नऊ वर्षांचा अनुभव. सांगण्यासारखं मोठं काम एकच, एका ओढ्यावरचा तीन गाळ्यांचा पूल. प्रत्येक गाळा दहा मीटरचा, मध्ये दोन खांब, दोन्ही काठांवर भिंती. मुदत बारा महिने, पावसाळा धरून.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न सोपा टाकला, "या पुलाबद्दल सांगा." आणि गडी सुरू झाला. दुसऱ्या पिअरला सॉफ्ट स्ट्रॅटा लागला, एसबीसी कमी आली, फाउंडेशन लेव्हल रिवाइज करावी लागली, डिझाइनचं अप्रूव्हल लेट झालं. तिघेही माना डोलावत होते, पण ती सभ्य माणसाची मान होती. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. माझ्यासमोर बोलला असता तर मी पुढचा प्रश्न विचारला असता. इथे पुढचा प्रश्न विचारता येईल असं त्याने काही हाती दिलंच नव्हतं. शेवटी बाई म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही गावच्या सरपंचांना कसं सांगितलं होतं, तसं सांगा की."

त्याने बायोडेटाचा शेवटचा कागद उलटा केला आणि पेनने ओढ्याचा उभा छेद काढला. वर वाळू आणि गाळ, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. खांब कातळावर उभा करायचा. कातळ किती खाली आहे हे पाहायला आधी बोअर घेतात, आणि या पुलाला प्रत्येक खांबाच्या जागी एक बोअर घेतला होता. तळापासून अडीच मीटरवर कातळ, असं त्यात दिसलं. पण बोअर म्हणजे मनगटाएवढं भोक, आणि पाया आठ मीटरहून लांब. दुसऱ्या खांबाचा खड्डा उघडला तेव्हा अर्ध्या लांबीत अडीच मीटरवर टणक कातळ निघाला आणि उरलेल्या अर्ध्यात मऊ मुरूम. तिथे कातळ होता चार मीटरवर. आपल्या दख्खनच्या दगडात हे नेहमीचं आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, त्यातले काही कुजून मऊ झाले, काही तसेच राहिले. दहा पावलांवर वेगळी कथा असते.

"मग अर्धा पाया कातळावर आणि अर्धा मुरमावर ठेवला तर काय होईल?" डॉक्टरांनी विचारलं. हा पहिला खरा प्रश्न आला, आणि तो चित्रामुळे आला. त्याने सांगितलं, कातळाकडची बाजू हलणार नाही, मुरमाकडची वजनाने दबेल, शिवाय पुराच्या पाण्याने तिथला मुरूम खरवडून जाईल. खांब तिरका होईल आणि त्याच्यावर टेकलेले दोन्ही गाळे फाटतील. म्हणून सगळा पाया चार मीटरपर्यंत न्यायचा ठरलं. खोली वाढली म्हणजे नकाशा बदलला, काँक्रीट वाढलं, खर्च वाढला, आणि वाढीव खर्चाची फाइल वर गेली.

खजिनदार एवढा वेळ गप्प होते. फाइल म्हटल्यावर त्यांनी पेन उघडलं. "उशीर किती झाला?"

हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत येतो आणि बहुतेक इंजिनिअर त्याचं उत्तर कारणांनी देतात. पाऊस, मजूर, वाळू, निधी. कारणं सगळ्यांची तीच असतात, म्हणून त्यावरून माणूस कळत नाही. याने उलट विचारलं, "सर, कशाचा उशीर? खांबाचा, पुलाचा, की कागदावरचा? तिन्ही वेगळे आहेत." मला तिथे खुर्ची पुढे ओढावीशी वाटली.

त्याने हिशेब मागून पुढे न मांडता पुढून मागे मांडला. नदीतलं काम करणारा माणूस तारीख मोजतो ती ७ जूनपासून, मृग नक्षत्रापासून. त्या दिवशी पात्रात एकही टेकू उभा असता कामा नये. एका गाळ्याचा स्लॅब घालायला चार आठवडे लागतात. त्यातले सुमारे दोन आठवडे सेंटरिंग उभारायला, सळई बांधायला आणि काँक्रीट ओतायला जातात, आणि ओतल्यावर चौदा दिवस खालचे टेकू हलवायचे नसतात. ठेकेदाराकडे सेंटरिंगचा सेट एकच. म्हणजे तीन गाळे एकामागून एक, बारा आठवडे. ७ जूनपासून बारा आठवडे मागे गेलं की १५ मार्च येतो. तोवर खांब तयार पाहिजेत.

पहिला खांब वेळेत झाला. दुसऱ्याची फाइल २ फेब्रुवारीला अडकली ती ९ मार्चला सुटली. पस्तीस दिवस. मग होळीला मजूर गावी गेले, आठ दिवस. दुसरा खांब १५ मार्चऐवजी २७ एप्रिलला तयार झाला. दरम्यान फेब्रुवारीत कालव्याचं रब्बीचं आवर्तन सुटलं, त्याचं पाणी ओढ्याला उतरलं आणि सहा दिवस खड्डा पाण्याने भरलेला राहिला. ठेकेदाराने मुदतवाढीच्या अर्जात पस्तीस अधिक सहा अधिक आठ, असे एकोणपन्नास दिवस मागितले.

"आणि तुम्ही किती दिले?"

"त्रेचाळीस, सर. ते सहा दिवस पस्तिसाच्या पोटातच होते. नकाशा हातात नव्हता, खड्डा कोरडा असता तरी काम झालं नसतं. त्यातही होळीचे आठ दिवस ठेकेदाराचे, ते खात्याच्या माथी मारता येत नाहीत. मी पस्तीसची शिफारस केली."

हे त्याला तोंडपाठ असायचं कारण म्हणजे अडथळ्यांची नोंदवही. कामावर काहीही अडलं की कोणत्या तारखेला अडलं, कशामुळे, कोणत्या तारखेला सुटलं, हे त्या वहीत लिहायचं आणि त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. साईटवर ही वही असते, पण बऱ्याच ठिकाणी ती मुदत संपत आल्यावर एका बैठकीत, एकाच शाईने लिहिली जाते. अशी वही ओळखायला इंजिनिअर असायची गरज नाही. खजिनदारांना ते ताबडतोब कळलं, कारण ३१ मार्चच्या रात्री लिहिलेल्या कॅशबुका त्यांनी जन्मभर पाहिल्या आहेत.

पुढचा भाग मात्र हिशेबनिसाला चकवणारा होता. खांबाला त्रेचाळीस दिवस उशीर झाला, पण पुलाला त्याने सांगितला पंधरा दिवसांचा. कसा? पहिला गाळा काठाची भिंत आणि पहिला खांब यांच्यावर टेकतो. त्याला दुसऱ्या खांबाशी देणंघेणं नाही. म्हणून ठरल्याप्रमाणे १५ मार्चला पहिल्या गाळ्याचं सेंटरिंग सुरू झालं आणि १२ एप्रिलला तो मोकळा झाला. दुसऱ्या खांबाची गरज खरी लागायची ती १२ एप्रिलला. म्हणजे त्या खांबाच्या हाताशी चार आठवडे शिल्लक होते, आणि ते खाऊन वर पंधरा दिवस गेले. आमच्या भाषेत या शिलकीला फ्लोट म्हणतात. कोणत्या कामाला किती शिल्लक आहे हे ज्याला रोज माहीत असतं, तो खरा साईट सांभाळतो. ज्याला माहीत नसतं तो सगळीकडे सारखाच आरडाओरडा करत फिरतो. असे मी खूप पाहिले आहेत, त्यातले काही माझे साहेब होते.

आणि मग हे पंधरा दिवस फुगले. २७ एप्रिलला दुसरा गाळा सुरू केला की तो २५ मेला मोकळा. तिसरा त्यानंतर, म्हणजे २२ जून. मृग मध्येच. तिसरा गाळा पावसाळ्यापलीकडे गेला, ओढा वाळून मजूर परत येईपर्यंत डिसेंबर उजाडला आणि स्लॅब २८ डिसेंबरला मोकळा झाला. पंधरा दिवसांचे साडेसहा महिने झाले. कंत्राटाची मुदत १९ नोव्हेंबरला संपत होती, पूल कठडे आणि जोडरस्त्यासह जानेवारीअखेर पूर्ण झाला, म्हणून कागदावर उशीर अडीच महिन्यांचा.

पाण्यातल्या कामाचा हिशेब असा आहे. जमिनीवरच्या इमारतीला पंधरा दिवस चुकले तर ती साधारण पंधरा दिवस उशिरा होते, नदीत चुकले तर हंगाम जातो. याची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि वाहतुकीला खुला झाला ५ जून २०१७ ला, मृगाच्या दोन दिवस आधी. ती तारीख सोयीची म्हणून निवडलेली नव्हती. मात्र तिथे यंत्रं, माणसं आणि मंजुऱ्या एकाच वेळी ओतल्या होत्या, ओढ्यावरच्या पुलाच्या नशिबी ते नसतं.

इथे खजिनदारांनी असा प्रश्न विचारला की तो मला आधी सुचायला हवा होता. "सेट एकच होता म्हणून गाळे एकामागून एक. मग दुसरा सेट भाड्याने का नाही आणला? २७ एप्रिलला दोन्ही गाळे एकदम सुरू केले असते तर २५ मेला सगळं संपलं असतं."

खोलीत जरा शांतता झाली. उमेदवार म्हणाला, "बरोबर आहे. मी ठेकेदाराला दुसरा सेट मागितला, पण २० एप्रिलला. एप्रिल-मे म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक साईटवर पावसाआधी स्लॅब उरकायची घाई. बाजारात सेंटरिंग मिळत नाही. तो सेट आला १२ मेला. फाइल अडकली आहे हे मला फेब्रुवारीतच दिसत होतं. मी १ मार्चला पत्र द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. फाइल आज सुटेल, उद्या सुटेल, असं वाटत राहिलं."

मुलाखतीत स्वतःची चूक सांगावी की नाही यावर बरेच सल्ले दिले जातात. माझं मत असं, की चुकीची तारीख सांगता येत असेल तर सांगावी. 'माझं नियोजन थोडं कमी पडलं' हे वाक्य निरुपयोगी आहे, 'पत्र १ मार्चला हवं होतं, २० एप्रिलला गेलं' यातून पुढच्या कामाला घेण्यासारखं काही तरी आहे. खजिनदारांनी वहीत काही लिहिलं. ते काय होतं हे नंतर कळलं.

पण १२ मेला सेट आल्यावर काय केलं, हा प्रश्न उरलाच होता, आणि तिथून मुलाखत उशिरावरून सुरक्षिततेवर गेली. ती तशीच जायला हवी होती, कारण साईटवर या दोन गोष्टी वेगळ्या नसतात. बहुतेक अपघातांच्या मागे उशीर भरून काढायची घाई असते.

१२ मेला तिसऱ्या गाळ्याचं सेंटरिंग सुरू केलं असतं तर २३ मेला काँक्रीट आणि चौदा दिवस धरून ६ जूनला टेकू सुटले असते. कागदावर बसत होतं. ठेकेदार तयार होता, गाव मागे लागलं होतं, वरिष्ठांनी 'तुमचं तुम्ही बघा' असं तोंडी सांगितलं होतं. याने लेखी नकार दिला. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, "एक दिवस शिल्लक राहत होता की!"

त्याने पुन्हा कागद ओढला. एका गाळ्याचा स्लॅब दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद, ऐंशी सेंटिमीटर जाड. काँक्रीट चौसष्ट घनमीटर, वजन सुमारे १६० टन. "प्रवाशांनी भरलेली एसटी साधारण सोळा टनांची असते. म्हणजे दहा भरलेल्या एसटी, आणि त्या सगळ्या ओढ्याच्या वाळूत उभ्या केलेल्या लोखंडी टेकूंवर. काँक्रीट कडक होईपर्यंत स्लॅबची स्वतःची ताकद धरायची नाही, सगळं वजन टेकूंवर." टेकूंच्या बुडाशी फळ्या असतात, फळ्यांखाली दाबलेला मुरूम आणि त्याखाली वाळू. मेअखेरीस वळवाचा एक जोरदार पाऊस वरच्या अंगाला झाला की ओढ्याला गुडघाभर पाणी येतं. ते पाणी उसाचं पाचट आणि काटक्या घेऊन येतं, टेकूंमध्ये ते अडकतं, पाण्याला बंधारा तयार होतो आणि जोर वाढतो. फळीखालची वाळू सरकते. एक टेकू बोटभर खचला की त्याचं वजन शेजारच्यांवर जातं, मग ते खचतात. स्लॅब नुसता तडकला तर नशीब. खाली कोणी असेल तर नशीबही नाही.

ठेकेदाराने तोडगा सुचवला होता, टेकू सातव्या दिवशी काढू, काँक्रीटला तोवर दोन-तृतीयांश ताकद आलेली असते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. सात दिवसांत साधारण तेवढी ताकद येते हे खरं. पण ती येते प्रयोगशाळेतल्या पाण्यात ठेवलेल्या क्यूबला. राख मिसळलेल्या सिमेंटला ताकद सावकाश येते, आणि एवढ्या जाड स्लॅबला स्वतःचंच वजन पेलायचं असतं, तेच सगळ्यात मोठं. स्लॅबखालचे टेकू चौदा दिवस ठेवायचे, हा रस्ते-पुलांच्या कामांच्या मानक तपशिलातला नियम आहे, आणि इमारतींसाठीचं 'आयएस ४५६'ही साडेचार मीटरपेक्षा लांब गाळ्याच्या स्लॅबला तेच सांगतं. त्याने दोन्ही मार्ग नाकारले.

"आणि त्या वर्षी वळीव झाला?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई. त्या वर्षी पाऊस लांबला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ओढ्यात टिपूस नव्हता. गावकऱ्यांनी मला तोंडावर सांगितलं, झाला असता की गाळा."

"म्हणजे अंदाज चुकला तुमचा."

"अंदाज केलाच नव्हता. पाऊस येईल असं मी म्हटलंच नव्हतं. आला तर काढून घेता येणार नाही, एवढंच म्हटलं होतं. दुसऱ्या गाळ्याखाली २५ मेपर्यंत टेकू होते, तो धोका मी घेतला, कारण २५ मेच्या सुमारास पाणी आलं असतं तर काँक्रीटला दोन आठवडे होत आलेले होते. तिसऱ्याला मेअखेर आठवडाच झालेला असता."

या उत्तराने सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. बाईंनी विचारलंच, की त्या पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीवरच्या मुलांचं काय झालं. जुन्या फरशी पुलावरून पाणी गेलं की शाळा बुडायची, आणखी एक पावसाळा बुडाली, असं त्याने सांगितलं आणि त्याला कुठलंही सारवण लावलं नाही. माझ्या मते त्याचा निर्णय बरोबर होता. पण त्याची किंमत त्या मुलांनी मोजली हेही तितकंच खरं आहे, आणि ती किंमत १ मार्चच्या न गेलेल्या पत्रातून आली होती.

सुरक्षिततेवरचा ठरलेला प्रश्न नंतर आला, आणि त्याचं उत्तर त्याने ठरलेलंच दिलं. हेल्मेट, बूट, सेफ्टी बेल्ट, प्रथमोपचाराची पेटी. हे कोणालाही पाठ येतं. बाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मजूर रात्री झोपायचे कुठे?"

हा प्रश्न तांत्रिक माणूस विचारत नाही. विचारायला हवा. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा जण गेले, त्यांत मुलंही होती. त्यांच्यापैकी कोणी त्या वेळी कामावर नव्हतं. हेल्मेटचा तिथे काही उपयोग नव्हता.

उमेदवाराचा सूर इथे बदलला. ठेकेदाराने पत्र्याच्या खोल्या ओढ्याच्या काठाला लागूनच टाकल्या होत्या, पाणी जवळ म्हणून. हिवाळ्यात तिथे काही वाटत नाही. पुराची पातळी कुठवर येते हे नकाशावर लिहिलेलं होतं, पण याने गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून देवळाच्या पायरीवरची जुनी खूण पाहिली, आणि ती नकाशातल्या पातळीपेक्षा वर निघाली. खोल्या त्या खुणेच्या वर हलवल्या. ठेकेदार कुरकुरला, कारण पाण्यासाठी टाकी आणि पाइप टाकावा लागला.

मग डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही स्वतः काम कधी बंद पाडलं आहे?" मला वाटतं, साईट इंजिनिअरला विचारायचा हा सगळ्यात चांगला प्रश्न. ज्याने कधीच काम थांबवलं नाही त्याची साईट सुरक्षित असते असं नाही, त्याने पाहिलेलं नसतं.

त्याने त्याच दुसऱ्या खांबाचा खड्डा सांगितला. चार मीटर खोल, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा. दीड मीटरपेक्षा खोल खड्डा असला की बाजू उतरत्या कापायच्या किंवा फळ्या-टेकू लावून धरायच्या. काढलेली माती कडेवर टाकायची नाही, किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, जे जास्त असेल तेवढी लांब. इथे ते दोन मीटर झालं. उतरायला शिडी, आणि ती कडेच्या वर हातभर आलेली. हे सगळं होतं. तरी एका सकाळी कडेपासून साधारण दोन फुटांवर, कडेला समांतर अशी एक बारीक भेग दिसली. आदल्या रात्री पंप बंद पडला होता आणि खड्ड्यात पाणी चढलं होतं. ते उपसलं तेव्हा भिजलेल्या बाजूचा आधार गेला. त्याने खालचे पाच मजूर वर काढले, पोकलेन कडेवरून मागे घेतलं आणि ती बाजू आणखी उतरती कापायला लावली. एक दिवस आणि पोकलेनचं भाडं गेलं.

"नुसती भेग?" खजिनदारांनी विचारलं. त्यांना भाड्याचं दुःख झालं असावं.

त्याने सांगितलं, की माती ढासळायच्या आधी ती एवढंच सांगते. कडेला समांतर भेग, बाजूवरून अधूनमधून सुटणारी ढेकळं, तळाशी फुगलेली माती किंवा बाजूतून झिरपायला लागलेलं पाणी. यांतलं एक दिसलं की माणसं वर. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. माणूस छातीपर्यंत गाडला गेला तर तोंड मोकळं असूनही त्याला श्वास घेता येत नाही, कारण छाती फुगायला जागा नसते. डॉक्टरांनी मान हलवली, आणि या वेळची मान सभ्यपणाची नव्हती. ओल्या खड्ड्यातल्या पंपाबद्दलही त्याने एक गोष्ट सांगितली. पंपाच्या वायरीला ३० मिलीअँपिअरवर तुटणारा ईएलसीबी लावलेला असेल तरच माणूस खाली सोडायचा, आणि तो तुटतो की नाही हे रोज सकाळी त्याचं चाचणीचं बटण दाबून पाहायचं.

मुलाखत संपल्यावर माझं मत विचारलं गेलं. मी म्हटलं, तांत्रिक ज्ञानात आधीचा एक उमेदवार याच्यापेक्षा सरस आहे, मार्कही जास्त आहेत. पण त्याने आपल्या पुलाबद्दल जे सांगितलं ते तुम्हाला कळलं का? तिघेही नाही म्हणाले. वसतिगृहाच्या साईटवर अडलं तर तो याच तिघांकडे येणार होता आणि पैसे व वेळ मागणार होता. त्याचं बोलणं त्यांना कळलं नाही, तर मंजुरीला लागणारे पस्तीस दिवस इथेही लागले असते.

निवड या पूलवाल्याची झाली. वसतिगृहाची जागा काळ्या मातीची आहे, म्हणून मध्यभागी एकच बोअर घेण्याऐवजी इमारतीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच बोअर घ्यायचे, असं त्याच बैठकीत ठरलं. खजिनदारांनी वहीत जे लिहिलं होतं ते ठेकेदाराच्या करारात गेलं, सेंटरिंगचे सेट किती आणि कोणत्या तारखेला साईटवर हजर. आणि बाईंनी नेमणूकपत्रात स्वतःच्या हाताने एक ओळ घातली, की धोका वाटल्यास काम थांबवण्याचा अधिकार या इंजिनिअरला राहील, आणि त्यासाठी आधी कोणाची परवानगी लागणार नाही.